लॉन खरं आहे, पण पैसे मागणारा त्याच लॉनचा आहे का?

तुळशीचं लग्न आटोपलं की विदर्भातल्या गावागावांत लग्नाच्या तारखा काढणं सुरू होतं. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येतात, सोयरीक पक्की होते आणि मग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मंगल कार्यालय शोधायची घाई लागते. पूर्वी हे काम सोयऱ्याधायऱ्यांच्या ओळखीतून व्हायचं. आता घरातलं पोरगं मोबाइलवर लॉनचं नाव शोधतं, सजवलेल्या स्टेजचे फोटो येतात, खाली एक नंबर असतो. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलतो आणि शेवटी म्हणतो, "भाऊ, त्या तारखेले तीन पार्ट्या लाइनीत आहेत जी. आत्ता पंचवीस हजार टाकून द्या, तारीख तुमची."

हे पैसे टाकण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हातात असायला हवीत. जागा खरोखर आहे का? पैसे मागणारा माणूस त्याच जागेचा आहे का? आणि तुमची तारीख त्या जागेच्या वहीत खरंच लिहिली गेली का? बहुतेक घरांत पहिल्याच प्रश्नाची शहानिशा होते. कुणीतरी म्हणतं, "अरे, ते लॉन मी पाह्यलं आहे, मोठं आहे," आणि सगळे निर्धास्त होतात. पण लुबाडणाऱ्याला खोटं लॉन उभं करायची गरजच नसते. तो खऱ्या लॉनचे फोटो उचलतो, खाली आपला नंबर टाकतो. दुसरीकडे, माणूस अगदी खरा असूनही तारखेचा घोळ होतो, कारण एकाच कार्यालयाच्या दोन वह्या दोन माणसांकडे असतात. म्हणून दुसरा आणि तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत, आणि हा लेख बराचसा त्यांच्याबद्दल आहे.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका गावातलं शेतकरी कुटुंब आहे. मुलीचं लग्न मे महिन्यात, पाहुणे सहाशेच्या आसपास. यवतमाळ रोडवरचं एक लॉन त्यांना मोबाइलवर सापडलं. भाडं ऐंशी हजार सांगितलं, आज पंचवीस हजार भरले तर दहा हजारांची सूट. मुलीच्या भावाने पैसे पाठवायला मोबाइल काढला, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब रे, एक दिवस थांब." त्या एका दिवसात काय काय करता येतं ते बघू.

घरी बसून जे कळतं

सुरुवात फोटोंपासून. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोबाइलमध्ये जतन करायचा आणि गूगल लेन्समध्ये टाकायचा. तोच फोटो आणखी कुठे कुठे आहे हे लेन्स शोधून देतं. तो हैदराबाद किंवा इंदूरच्या एखाद्या सजावटवाल्याच्या पानावर सापडला, तर समोरच्याने तो उचललेला आहे, एवढं नक्की. पण काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मात्र समजू नका. व्हॉट्सॲपच्या गटात फिरलेला किंवा कापून लहान केलेला फोटो लेन्सला नेहमी सापडतोच असं नाही.

मग गूगल मॅप्सवर त्या लॉनचं पान उघडायचं. तिथे दोन प्रकारचे फोटो असतात, मालकाने टाकलेले आणि येऊन गेलेल्या लोकांनी टाकलेले. आपल्याला दुसरे हवेत. लग्नाला आलेल्या कुणीतरी गेटसमोर उभं राहून काढलेला फोटो सगळ्यात कामाचा, कारण त्यात मागे रंगवलेला बोर्ड दिसतो आणि बोर्डावर बहुतेक वेळा मोबाइल नंबर असतो. फोटो मोठा करून तो नंबर कागदावर उतरवून घ्या.

एवढा खटाटोप कशाला, मॅप्सवर नंबर दिलेलाच असतो की, असं वाटेल. पण मॅप्सवरच्या पानात बदल सुचवण्याची सोय कुणालाही असते. `Suggest an edit` या बटणावरून परका माणूसही फोन नंबर बदलून पाठवू शकतो आणि मालकाचं लक्ष नसेल तर तो बदल तसाच राहून जातो. खेड्याकडच्या कितीतरी लॉनमालकांनी मॅप्सवरचं आपलं पान कधी उघडूनही पाहिलेलं नसतं. भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला नंबर मात्र घरी बसून कुणी बदलू शकत नाही.

प्रतिक्रिया वाचताना आधी `Newest` निवडा, म्हणजे नव्या प्रतिक्रिया वर येतात. चार ओळींत "फारच छान, पाच तारे" म्हणणाऱ्या पन्नास प्रतिक्रियांपेक्षा "पाण्याचे कॅन कमी पडले, जनरेटरचे वेगळे पैसे घेतले" असं लिहिणारी एक प्रतिक्रिया जास्त सांगून जाते. एकाच आठवड्यात धडाधड आलेल्या आणि ज्यांच्या नावावर दुसरी एकही प्रतिक्रिया नाही अशा लोकांच्या कौतुकावर मी विसंबणार नाही.

आपल्या कुटुंबाने हे केलं तेव्हा फोटो खरे निघाले. लॉन खरंच यवतमाळ रोडवर होतं. पण बोर्डावरचा नंबर आणि पैसे मागणाऱ्याचा नंबर वेगळे होते. एवढ्यावरून तो माणूस लबाड ठरत नाही. मालकाचे दोन नंबर असतात, कधी भाचा किंवा पुतण्या बुकिंग बघतो. म्हणून त्याला थेट विचारायचं, "बोर्डावर दुसरा नंबर आहे, तो कुणाचा?" खरा माणूस पटकन सांगतो, "तो आमच्या काकाजीचा, लावून पाहा." दुसऱ्या प्रकारचा माणूस म्हणतो, "तो नंबर बंद आहे, त्याच्यावर लावू नका." असं उत्तर आलं की पहिल्यांदा तोच नंबर लावायचा.

एकच नाव सगळीकडे जुळतं का

कार्यालयातर्फे पैशाचा व्यवहार करणाऱ्या माणसाचं नाव चार ठिकाणी उमटतं: जीएसटीच्या नोंदीत, जागेच्या कागदावर, बँक खात्यावर आणि तुम्हाला मिळणाऱ्या पावतीवर. ही नावं एकमेकांशी जुळायला हवीत. जुळत नसतील तर का जुळत नाहीत, याचं पटेल असं उत्तर मिळायला हवं.

आधी जीएसटी. समोरच्याने जीएसटी नंबर दिला तर तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. `gst.gov.in` या सरकारी संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये हा नंबर टाकला की लॉगिन न करता, फुकटात माहिती दिसते. `Legal Name of Business` म्हणजे ज्याच्या पॅनवर नोंदणी आहे त्याचं नाव, `Trade Name` म्हणजे कार्यालयाचं किंवा दुकानाचं नाव, शिवाय धंद्याचा मुख्य पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते.

इथे एक चूक फार जण करतात. `Active` हा शब्द दिसला की पडदा बंद करतात. आपल्या उदाहरणातल्या माणसाने नंबर दिला, तो २७ ने सुरू होत होता, नोंदणी चालू होती. पण खाली पाहिलं तर नाव एका हार्डवेअरच्या दुकानाचं आणि पत्ता भलत्याच जिल्ह्यातला. कुणाच्याही बिलावरून जीएसटी नंबर उचलता येतो, ते काही गुपित नसतं. म्हणून नंबर खरा आहे का एवढंच न बघता तो या लॉनचा आहे का ते बघायचं. नाव आणि पत्ता वाचल्याशिवाय ते कळत नाही.

आणि जीएसटी नंबर नसेल तर? तर लगेच संशय घेऊ नका. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. तालुक्याच्या गावचं छोटं सभागृह, गावातला केटरर, एकटा काम करणारा फोटोग्राफर यांच्याकडे ती नसणं साहजिक आहे. मात्र नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावला, तर तो पैसा तो कोणत्या हक्काने घेतो, हे विचारा.

अशा वेळी जागेचा कागद कामाला येतो, आणि तो काढणं खेड्यातल्या माणसाला शहरातल्यापेक्षा सोपं आहे. बरीचशी लॉन नगर परिषदेच्या हद्दीबाहेर, रोडला लागून असलेल्या शेताच्या गटात उभी असतात. म्हणजे ती कुठल्यातरी ग्रामपंचायतीत येतात. तिथल्या कर आकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, त्या इमारतीचा मालक आणि वापरणारा यांची नोंद असते. ग्रामपंचायतीत जाऊन किंवा ओळखीच्या सदस्याला फोन करून "रोडवरचं ते लॉन कोणाच्या नावावर आहे आणि सध्या चालवतं कोण" हे विचारता येतं. गट नंबर माहीत असेल तर `bhulekh.mahabhumi.gov.in` वर जिल्हा, तालुका, गाव निवडून विनासहीचा सातबारा घरबसल्या पाहता येतो. त्यावर जमीन कुणाच्या नावे आहे ते दिसतं. लॉन चालवणारा तोच असेल असं नाही, पण मालक कोण हे तरी कळतं.

आता बँक खातं. यूपीआयमध्ये नंबर किंवा क्यूआर टाकल्यावर, पिन टाकण्याआधी पडद्यावर एक नाव येतं. २०२५ च्या जूनअखेरपासून ॲपने बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवावं, असा नियम यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने केलेला आहे. क्यूआरच्या कागदावर वर काय छापलं आहे त्याला अर्थ नाही, ते कुणीही छापून घेतं. पैसे जाण्याआधी ॲपमध्ये दिसणारं नाव वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. लॉन एका माणसाच्या मालकीचं असेल तर खात्यावर लॉनचं नाव नसून मालकाचं नाव दिसेल, त्यात वावगं काही नाही. ते नाव जीएसटीतल्या `Legal Name` शी किंवा ग्रामपंचायतीने सांगितलेल्या नावाशी जुळलं की झालं. पण "हे आमच्या मॅनेजरच्या मिसेसचं खातं आहे, कंपनीचं खातं सध्या बंद आहे" असं ऐकू आलं तर पैसे थांबवा.

लॉनवाला "रिफंडेबल आहे, तुम्हाले परत पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला तर तेव्हाही थांबा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन आपल्या खात्यातून पैसे जाताना लागतो, येताना नाही.

जागेवर जाऊन जे कळतं

घरी बसून एवढं सगळं झालं तरी एक फेरी मारायलाच हवी. स्वतःला जमत नसेल तर त्या गावात राहणारा सोयरा, कॉलेजात शिकणारा भाचा, बाजाराला जाणारा शेजारी, कुणीतरी पाठवा. दारव्ह्याहून यवतमाळला एसटीने जाऊन यायला जो खर्च येतो तो पंचवीस हजारांपुढे काहीच नाही. आणि जाताना "आम्ही येतो आहोत" असं कळवून जाऊ नका.

गेल्यावर आधी ऑफिसात न शिरता समोरच्या पानठेल्यावर थांबा. जवळचं बिछायत केंद्र, फुलवाला, बँडवाला या लोकांना लॉनची सगळी हकिकत माहीत असते. त्यांचे पैसेही तिथेच अडकत असतात, त्यामुळे चाव्या कुणाकडे आहेत, बुकिंग कोण घेतं, गेल्या सीझनला कुणाचं भांडण झालं, हे ते बिनदिक्कत सांगतात. बिछायतवाल्याचं मत मी मोबाइलवरच्या शंभर ताऱ्यांपेक्षा मोलाचं मानतो.

मामा असे गेले तेव्हा त्यांना कळलं की लॉनची बुकिंग मालकाचा मुलगा आणि एक जुना मुनीम असे दोघेच घेतात. फोनवरच्या माणसाला तिथे कुणी ओळखत नव्हतं. मुनीमजींनी भाडं पंच्याहत्तर हजार सांगितलं, म्हणजे सूट दाखवून सांगितलेल्या सत्तर हजारांपेक्षा पाच हजारांनी जास्त. स्वस्त भाव का मिळत होता, तेही मामांना उमगलं.

खऱ्या माणसासमोर बसल्यावर तिसरा प्रश्न सुरू होतो, तारखेचा. मोठ्या मुहूर्ताला एकाच लॉनवर दोन पार्ट्या येणं हा प्रकार आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे घडतो. त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. मुलाने फोनवर तारीख दिली आणि मुनीमजींनी वहीत दुसऱ्याची लिहिली, एवढंही पुरतं. म्हणून विचारायचं, "बुकिंगची वही एकच आहे की दोन?" दोन असतील तर दोन्हींत तारीख लिहून घ्यायची. समोर बसून, पेनाने, वधूपक्षाचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहायला लावायचा आणि त्या पानाचा फोटो काढायचा. त्याच पानावर आदल्या आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं लग्न आहे तेही दिसतं. आदल्या दिवशी रिसेप्शन असेल तर तुम्हाला हळदीसाठी ताबा किती वाजता मिळणार, हा प्रश्न तिथल्या तिथे सोडवून घ्या. "सकाळी सहाला मिळेल" हे उत्तर हळद आदल्या संध्याकाळची असेल तर काही कामाचं नाही.

पुढचा प्रश्न विचारणारे फारच कमी दिसतात: लॉन मालक स्वतः चालवतो की ठेक्याने दिलं आहे? समाज भवन, ट्रस्टचं सभागृह, नगर परिषदेचं सांस्कृतिक भवन आणि कितीतरी खाजगी लॉन वर्षाच्या ठेक्यावर चालतात. ठेका मार्चअखेर संपत असेल आणि तुमचं लग्न मे मध्ये असेल, तर डिसेंबरात ॲडव्हान्स घेणारा माणूस लग्नाच्या दिवशी तिथे असेलच असं नाही. नवा ठेकेदार म्हणतो, "जुन्याने काय घेतलं ते मले माहीत नाही, माझे पैसे द्या." म्हणून ठेका कधीपर्यंत आहे ते विचारा. लग्नाची तारीख त्यानंतरची असेल तर पावतीवर मूळ मालकाची किंवा ट्रस्टच्या सचिवाची सही घ्या. नगर परिषदेची किंवा ग्रामपंचायतीची जागा असेल तर पैसे कार्यालयात भरून तिथलीच पावती घेणं सगळ्यात बरं.

मधला इव्हेंटवाला किंवा एजंट असेल तर तो लगेच वाईट ठरत नाही, पुष्कळ जण प्रामाणिकपणे काम करतात. फक्त लॉनचे पैसे लॉनच्या खात्यात आणि एजंटचे पैसे एजंटला, असं ठेवा. हे मान्य नसलेल्या एजंटकडून बुकिंग करू नये.

मामांनी त्या दिवशी दहा हजार दिले, मालकाच्या नावावरच्या खात्यात. पावतीवर लग्नाची तारीख आणि वार, ताबा मिळण्याची व सोडण्याची वेळ, ठरलेलं पूर्ण भाडं, भरलेले दहा हजार, बाकी रक्कम कधी द्यायची, जनरेटरचं डिझेल कुणाचं, साफसफाई आणि वीज वेगळी की भाड्यात, एवढं लिहून घेतलं. तारीख पुढे ढकलावी लागली किंवा रद्द झाली तर किती परत मिळणार हेही लिहिलं, कारण घरात कुणी गेलं तर तारीख बदलावीच लागते आणि त्या वेळी भांडायची ताकद कुणात नसते. वार मुद्दाम लिहावा. बारा तारीख ऐकताना बावीस होऊ शकते, पण वार चुकला की लगेच लक्षात येतं. रोख पाच हजारांच्या वर दिले असतील तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी.

केटरर आणि फोटोग्राफर

केटररच्या बाबतीत कागद एकच महत्त्वाचा, अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेचा. हा चौदा अंकी नंबर असतो. परवाना असेल तर १ ने आणि लहान धंद्याची नुसती नोंदणी असेल तर २ ने सुरू होतो. राज्याच्या पातळीवर महाराष्ट्रात दिलेला असेल तर पुढचे दोन अंक १५ असतात. `foscos.fssai.gov.in` वर नंबर टाकून नाव, पत्ता आणि मुदत पाहता येते. इथेही जीएसटीसारखंच, नंबर दुसऱ्याचा नाही ना ते नाव वाचून ठरवायचं. पण हा कागद असला म्हणून सहाशे माणसांचं जेवण वेळेवर होईल असं नाही. ते कळायला त्याच्या चालू कामावर जावं लागतं. केटररला विचारा, "या आठवड्यात तुमचं काम कुठे आहे?" आणि त्या लग्नात जेवायला न जाता सकाळी दहाला मांडवामागे भट्टीपाशी जा. भाजी कुठे चिरली जाते, पाणी टँकरचं आहे की विहिरीचं, वाढपी किती आले आहेत, जिलेबी तिथेच काढतात की आदल्या दिवशी काढून आणली, हे अर्ध्या तासात दिसतं. चव घ्यायला बोलावून जे चार पदार्थ खाऊ घालतात, त्यावरून त्या घरच्या स्वयंपाक्याची परीक्षा होते. पंगतीची नाही.

भाव ताटावर ठरला असेल तर ताटं कोण मोजणार आणि कशी, हे आधी लिहा. सहाशेच्या जागी सातशे आले तर वाढीव ताटाचा भाव काय, आणि पाचशेच आले तर किती ताटांचे पैसे द्यायचे, या दोन ओळी लिहिलेल्या नसल्या की लग्नाच्या रात्री मुलीच्या बापाला हिशेबाला उभं केलं जातं. आपल्याकडे सकाळच्या पंगतीत गावजेवणासारखी गर्दी होते, म्हणून आकडा हातचा राखून द्यावा.

फोटोग्राफरचं पान इन्स्टाग्रामवर दिसतं, त्याच्या कामाचा खरेपणा मात्र तिथे दिसत नाही. पानावरचे निवडक तीस फोटो वीस वेगवेगळ्या लग्नांतले असू शकतात, आणि दुसऱ्याचेही. त्यामुळे त्याच्याकडे एकाच लग्नाचा पूर्ण अल्बम मागा, हळदीपासून पाठवणीपर्यंत, कुठल्याही साध्या घरातल्या लग्नाचा. पिवळ्या बल्बखाली रात्री नऊ वाजता आलेल्या हळदीच्या फोटोंत आणि भर उन्हात मांडवाखालच्या फोटोंत चेहरे कसे आले आहेत ते पाहा, कारण तुमच्या लग्नातही उजेड तसाच असणार. मग त्या घरच्या माणसाचा नंबर मागून त्यांना एकच प्रश्न विचारा, "अल्बम किती महिन्यांनी मिळाला?" बरेच फोटोग्राफर लग्नाच्या दिवशी व्यवस्थित येतात, पण अल्बमसाठी वर्ष-वर्ष फिरवतात.

इन्स्टाग्रामवर पानाच्या नावाजवळच्या मेनूमध्ये `About this account` उघडलं तर पान कधी सुरू झालं आणि नाव कितीदा बदललं ते बऱ्याच खात्यांसाठी दिसतं. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचं पान तीन महिन्यांचं असेल तर कारण विचारा. आणि लग्नाला तो स्वतः कॅमेरा धरणार की दुसऱ्या पोरांना पाठवणार, हे नावासकट लिहून घ्या. मे महिन्यात एकाच दिवशी चार कामं घेऊन तीन ठिकाणी दुसरे पाठवण्याची पद्धत सर्रास आहे. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि शेवटचा टप्पा, निदान चौथा हिस्सा, अल्बम आणि पेन ड्राइव्ह हातात आल्यावर द्या. त्याच्या हाती तुमचे सगळे पैसे गेले की अल्बमची घाई फक्त तुम्हालाच असते.

पैसे गेलेच तर

फोन बंद झाला, पान गायब झालं, खाते भलत्याचं निघालं, तर पहिला फोन १९३० वर करायचा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. किती रुपये, किती वाजता, कोणत्या खात्यातून गेले आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर, एवढं तयार ठेवा. यूटीआर यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. पैसे त्या खात्यातून पुढे काढले गेले नसतील तर बँक ते रोखून धरू शकते, म्हणून इथे तास महत्त्वाचे असतात. "आधी गावात कुणाला कळू नये" म्हणून दोन दिवस काढले तर रोखण्यासारखं फारसं उरत नाही. नंतर `cybercrime.gov.in` वर लेखी तक्रार करा आणि आपल्या बँकेलाही कळवा.

फसवणूक नाही, पण काम कबूल केल्याप्रमाणे झालं नाही, म्हणजे लॉनची तारीख दुसऱ्याला दिली, केटररने वाढपी आणले नाहीत, अल्बम मिळाला नाही, तर तो ग्राहक तक्रारीचा विषय आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथून निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे फोटोग्राफर नागपूरचा असला तरी दारव्ह्याच्या माणसाला यवतमाळलाच तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही आणि वकील लावणंही सक्तीचं नाही. अर्जासोबत पावती, वहीच्या पानाचा फोटो, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडायचं असतं, त्यामुळे लग्न पार पडून हिशेब मिटेपर्यंत तो मोबाइल फॉरमॅट करू नका आणि चॅट पुसू नका.